अंतर तेच, बिल वेगळं

"चाललं काय न्‌ पळालं काय, अंतर तेवढंच की भावा! कॅलरी तेवढ्याच जळणार." रंकाळ्यावर फेरी मारून चहाला टेकलेल्या मंडळींत हे वाक्य हमखास ऐकू येतं. वाटतंही बिनतोड. देह तोच, वाट तीच, मग फरक कसला?

फरक आहे, आणि चांगला दुप्पट आहे.

७० किलोचा गडी सपाट रस्त्यावर ४ किलोमीटर पळाला, तर वजनाच्या किलोमागे दर किलोमीटरला, बसून राहण्यापेक्षा साधारण १ कॅलरी जादा जाते. म्हणजे २८०. तेच अंतर तो ताशी ५ किलोमीटरच्या चालीनं चालला, तर जेमतेम १४०.

चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. तो जवळजवळ सरळ राहतो आणि देह त्याच्यावरून उलट्या लंबकासारखा पुढं झुकतो. वर जाताना साठलेली ताकद खाली येताना परत मिळते, स्नायूंना थोडंच जोडावं लागतं. पळताना दोन्ही पाय हवेत जातात आणि वाकलेल्या गुडघ्यावर सगळा भार येऊन आदळतो. तो पेलायचा, परत वर फेकायचा, हे प्रत्येक पावलाला. टाचेची शीर थोडी ताकद परत देते म्हणा, पण बाकीचं बिल मांडीनं आणि पोटरीनंच भरायचं.

मनगटावरचं घड्याळ मात्र इतका फरक बऱ्याचदा दाखवत नाही. नुसतं बसून राहिलं तरी या गड्याच्या तासाला ७० कॅलरी जातातच. चालायला ४८ मिनिटं लागली, तेवढ्या वेळात ५६ तशाही गेल्या असत्या. पळायला अर्धा तास, म्हणजे ३५. या धरून आकडे होतात १९६ आणि ३१५. घड्याळ एकूण आकडा दाखवत असेल, तर चालणाऱ्याला बसल्याजागीच्या कॅलरीही बक्षीस मिळतात.

पळण्याची गंमत अशी, की वेग कमी-जास्त केला तरी किलोमीटरमागचा खर्च फारसा हलत नाही. चालण्याचा हलतो. किलोमीटरला साडेआठ मिनिटांच्या आसपास चाल गेली, की पाय आपणहून पळू बघतात. तरी हट्टानं चालत राहिलं आणि साडेसात मिनिटांवर आलं, की तो लंबक बिघडतो आणि चालणंही पळण्याइतकंच महाग पडतं. कोपरं हलवत, रेंगाळत पळणाऱ्या पोरांना मागं टाकणाऱ्या एखाद्या काकू दिसतात ना, त्यांचा हिशेब वेगळाच मांडायला हवा.

आणि हे सगळं सपाटीचं. जोतिबाच्या डोंगराला लागलं, की देह वर उचलण्याचाच खर्च मोठा होतो. चढ जितका उभा, तितकी चालणं-पळण्यातली तफावत कमी. तिथं चहावाल्या मंडळींचं म्हणणं बरंचसं खरं ठरेल, पण तिथवर त्यातलं कोण पळत जाणार?