लेबल खंय रवला?

देवगडला काकाची हापूसची बाग आहे. गेल्या हंगामात त्याच्या वेबसाइटवरच्या ऑर्डरी थेट पॅकिंगच्या शेडमध्ये पोचवायचं काम मी अंगावर घेतलं. गिऱ्हाईकाने पैसे भरले की शेडमधल्या प्रिंटरवर पत्त्याचं लेबल निघायचं, काकी ते पेटीवर चिकटवणार, आणि संध्याकाळच्या गाडीने पेटी रवाना.

शेडमधल्या जुन्या लॅपटॉपला बाहेरून हाक मारता येत नाही. तिथल्या इंटरनेटला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून मध्ये ॲमेझॉनची एसक्यूएस रांग ठेवली. वेबसाइट ऑर्डरचा निरोप रांगेत टाकते, लॅपटॉप स्वतःहून जाऊन विचारतो, 'काही आलंय का?' वीज गेली तरी निरोप रांगेत पडून राहतो, काही बदललं नसेल तर चार दिवस. हा भाग पहिल्या फटक्यात जमला. घोळ झाला तो विचारण्यात.

पहिला प्रोग्राम मी घाईत लिहिला होता. विचार, काही असेल तर छाप, लगेच पुन्हा विचार. लेबलं फटाफट निघत होती, काकी खूश. महिना संपल्यावर बिल आलं तेव्हा मी डोळे चोळले. आकडा मोठा नव्हता, कर सोडून वीस डॉलर, म्हणजे सतराशे रुपयांच्या घरात. पण दिवसाला साठेक ऑर्डरींसाठी?

हिशेब मांडला तेव्हा उलगडलं. एक फेरी साधारण 50 मिलिसेकंदांत पुरी होत होती, म्हणजे सेकंदाला 20 विनंत्या. दिवसाला 17 लाख 28 हजार, तीस दिवसांत 5 कोटी 18 लाखांवर. महिन्याच्या पहिल्या 10 लाख विनंत्या फुकट, पुढे दर 10 लाखांना 0.40 डॉलर. रांगेने 'काही नाही' असं उत्तर दिलं तरी ती विनंती मोजली जाते, ही खरी गोम. ॲमेझॉनच्या देखरेखीच्या पानावर, क्लाउडवॉचमध्ये, रिकाम्या उत्तरांचा NumberOfEmptyReceives नावाचा आलेख असतो. तो उघडला तर नुसता डोंगर उभा. रिकाम्या हाताने परत येण्याचेच मी पैसे भरत होतो.

मग जे कुणीही करेल तेच केलं: दोन फेऱ्यांच्या मध्ये तीस सेकंदांची झोप. विनंत्या महिन्याला 86,400 वर आल्या, बिल शून्य. दुसऱ्याच दिवशी शेडमधून काकीची हाक आली, "अरे, लेबल खंय रवला? मशीन निजला काय?"

तीस सेकंदांची झोप म्हणजे निरोपाला सरासरी पंधरा सेकंद ताटकळणं, हे मी धरूनच चाललो होतो. पण काही लेबलं पूर्ण मिनिटभर उशिरा येत होती. विचारून लगेच परतण्याच्या माझ्या या पद्धतीला शॉर्ट पोलिंग म्हणतात, आणि कारण तिच्याच स्वभावात आहे. रांगेतले निरोप एका यंत्रावर नसतात, अनेक सर्व्हरवर विखुरलेले असतात. शॉर्ट पोलिंगमध्ये त्यांतल्या मोजक्याच सर्व्हरना विचारून लगेच उत्तर दिलं जातं. रांगेत गर्दी असेल तर फरक पडत नाही, काहीतरी हाती लागतंच. पण रांगेत एकच निरोप असेल आणि तो न विचारलेल्या सर्व्हरवर असेल, तर 'रांग रिकामी' असं उत्तर येतं. तो निरोप पुढच्या फेरीत सापडणार, म्हणजे आणखी तीस सेकंदांनी. माझी रांग जवळजवळ कायम अशीच होती, एखाददुसऱ्या ऑर्डरीची.

लाँग पोलिंगचं नाव ऐकून होतो, पण 'वीस सेकंद थांबतं' एवढंच डोक्यात बसलं होतं, त्यामुळे ते हळू असणार असं गृहीत धरलेलं. प्रत्यक्षात उलट आहे. विनंती रांगेपाशी जाऊन उभी राहते, सगळ्या सर्व्हरना विचारते, आणि निरोप आला की त्याच क्षणी घेऊन परतते. वीस सेकंद ही जास्तीत जास्त मर्यादा आहे, काहीच आलं नाही तर रिकामं परतण्याची. मधली झोप काढून टाकली, आणि बाकी बदल एका आकड्याचा:

```python
r = sqs.receive_message(
    QueueUrl=url,
    MaxNumberOfMessages=10,
    WaitTimeSeconds=20)
```

रांग पूर्ण रिकामी असली तर दिवसाला 4,320 विनंत्या, महिन्याला 1 लाख 29 हजार 600. ऑर्डरींच्या आणि छापून झालेले निरोप पुसण्याच्या विनंत्या त्यात मिळवल्या तरी फुकटच्या 10 लाखांत आरामात बसतात. खरं तर तीस सेकंदांच्या झोपेत विनंत्या याहून कमी होत्या. पण बिल दोन्हीकडे शून्यच, आणि लेबल मात्र आता ऑर्डरपाठोपाठ निघायला हवं होतं.

'हवं होतं' म्हणतोय, कारण निघालं नाही. बरीचशी तत्काळ यायची, पण मधूनच एखादं अर्धा मिनिट रखडायचं. लॉगमध्ये चूक दिसेना. दोन रात्री गेल्या. शेवटी प्रत्येक निरोपाबरोबर त्याचा ApproximateReceiveCount छापून पाहिला. रखडलेल्या निरोपांवर 2 होता. म्हणजे तो निरोप आधी एकदा कुणालातरी दिला गेला होता. कुणाला? शेडमध्ये दुसरं यंत्र तर नाही.

उत्तर माझ्याच जुन्या ओळीत होतं. तिथली लाइन मध्येच मरते म्हणून मी सुरुवातीला उत्तराची वाट बघायची मुदत, read_timeout, दहा सेकंद केली होती. रांग वीस सेकंद थांबायला तयार, आणि माझा लॅपटॉप दहाव्या सेकंदाला फोन ठेवून देणार. लायब्ररी गुपचूप पुन्हा प्रयत्न करायची, म्हणून लॉग स्वच्छ. पलीकडे जुनी विनंती अजून उभीच असायची. त्या वेळात ऑर्डर आली की निरोप कधी कधी त्या मेलेल्या विनंतीच्या हाती जायचा. रांगेच्या दृष्टीने तो दिलेला, म्हणून तीस सेकंद झाकलेला. ही visibility timeout ची मूळ मुदत. ती संपल्यावरच तो पुन्हा दिसायचा. read_timeout तीस सेकंद केला आणि रखडणं थांबलं.

पूर्ण नाही, हे सांगायला हवं. लाइन खरोखर मेली तर तेच घडतं, त्याला इलाज नाही. म्हणून मी ती तीस सेकंदांची मुदत वाढवली नाही. लेबल दोन सेकंदांत छापून होतं, मुदत पाच मिनिटांची केली असती तर हरवलेला निरोपही पाच मिनिटं लपून बसला असता. उलटही होतं: लेबल छापलं, पण निरोप पुसण्याआधी लाइन गेली, की तेच लेबल पुन्हा निघतं. एकाच पत्त्यावर दोन पेट्या जाण्यापेक्षा छापलेले ऑर्डर नंबर लॅपटॉपवर नोंदवून ठेवणं बरं.

मे महिन्यात काकाने रद्द झालेल्या ऑर्डरींसाठी वेगळी रांग मागितली. मी तीही त्याच लूपमध्ये जोडली, आधी लेबलांची रांग, मग रद्दची. दोनच दिवसांत रद्द झालेली एक पेटी गाडीत चढता चढता राहिली. लेबलांच्या रांगेपाशी प्रोग्राम वीस वीस सेकंद उभा, तोवर रद्दच्या रांगेकडे बघायला कुणी नाही. लाँग पोलिंगमध्ये प्रोग्रामचा एक धागा एका वेळी एकाच दारात उभा राहू शकतो. आता दोन रांगांना दोन वेगळे धागे आहेत, आणि काकी पेटी बंद करण्याआधी रद्दचं लाल लेबल आलंय का ते बघते.