चांदी दोनदा उलटली, तिसऱ्यांदा ठरली: माजाच्या वहीतली नोंद

मागच्या वेळी लिहिलं होतं तेव्हा आमची गाय चांदी दुसऱ्यांदा उलटली होती, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली होती, आणि मी वैतागून तिला बाजार दाखवायच्या गोष्टी करत होतो. परवा २७ जानेवारीला डॉक्टरांनी हात घालून तपासलं. गाभण आहे. मधल्या काळात वहीत काय काय लिहिलं आणि त्यातून चूक कुठे सापडली, ते आता मांडतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: औसा तालुक्यातला आमचा छोटा गोठा. शाळेची नोकरी सांभाळून दोन गाई आणि एक कालवड. चांदी ही होल्स्टिन संकरित, दुसऱ्या वेताची, ४ ऑगस्टला व्यालेली. कपिला देवणी. गाई दिवसभर दावणीला, कारण सोडायला दुसरी जागाच नव्हती. ही दावणच आमच्या दुखण्याचं मूळ निघाली.

व्यायल्यावर साठ दिवस जाऊ दिले. मग ११ ऑक्टोबरला सकाळी सातला शेण काढताना चांदीचं बळस, म्हणजे माजावर येणारा चिकट स्राव, दिसलं. काचेसारखं स्वच्छ, लांब तार धरणारं. मी लगेच फोन केला आणि नऊला गोठवलेल्या रेताची कांडी भरूनही झाली. संध्याकाळी मात्र ती अजून हंबरतच होती आणि शेजारच्या कालवडीवर चढायला ओढ घेत होती. मला वाटलं, उतरत असेल. बरोबर एकवीस दिवसांनी ती उलटली.

१ नोव्हेंबरला शहाणपणा सुचला. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम सगळ्यांनाच पाठ असतो. सकाळी सातला बळस दिसलं, संध्याकाळी सहाला भरवली. नियम तंतोतंत पाळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेपटीच्या केसांना सुकलेलं रक्त चिकटलेलं दिसलं. भरवणाऱ्या दादांनी सांगितलं, "सर, रक्त दिसलं म्हणजे गाय गेली असं नसतं, काळजी नका करू." ते खरंच आहे. माज उतरल्यावर काही गाईंना आणि बऱ्याच कालवडींना थोडं रक्त जातं. त्यावरून गाय फळली की नाही, काहीच कळत नाही.

पण त्या रक्तावरून दुसरं काहीतरी कळतं, आणि ते माझ्या डोक्यात यायला आठ दिवस लागले. पक्का माज सुरू झाल्यापासून साधारण दोन ते अडीच दिवसांनी हे रक्त दिसतं. म्हणजे २ तारखेच्या संध्याकाळपासून मागे मोजलं, तर माज सुरू झाला ३१ ऑक्टोबरला, सकाळ ते संध्याकाळच्या दरम्यान कधीतरी. मी तो पाहिला १ तारखेला सकाळी, निदान तेरा तास उशिरा. दुधाच्या वहीची पानं उलटली, तर ३१ च्या संध्याकाळी चांदीनं दीड लिटर दूध कमी दिलेलं. पुढे बायकोच्या अक्षरात "नीट पान्हावली नाही" एवढंच. त्या दिवशी आम्ही सगळे हरभऱ्याच्या पेरणीवर होतो. माय तेवढी घरी होती. विचारलं तर म्हणाली, "आरं, दुपारपासून लई हंबरत हुती. मला वाटलं वैरण संपली."

आता हिशोब बघा. माजाच्या सुरुवातीपासून साधारण चोवीस ते तीस तासांनी गाईचं बीज सुटतं. ते सहा ते बारा तासच टिकतं. रेत गर्भाशयात पडल्यावर फळण्याजोगं व्हायला सहाएक तास घेतं आणि पुढे दिवसभर कसंबसं तग धरतं. म्हणून रेत आधीच जाऊन तयार बसलेलं लागतं. १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सहाला माज सुरू होऊन चोवीस तास नक्की उलटले होते, कदाचित छत्तीसही. रेत तयार होईतो बीज शिळं झालेलं. उलट ११ ऑक्टोबरला बहुतेक माज नुकताच लागला होता, तेव्हा मी घाई केली. पहिल्या वेळी लवकर, दुसऱ्या वेळी उशीर, आणि दोन्ही वेळा नोंद एकच: "सकाळी सातला बळस दिसलं."

सकाळ-संध्याकाळचा नियम चुकीचा नाही. पण तो माज सुरू होण्यापासून मोजायचा असतो, आपल्याला दिसण्यापासून नाही. ज्याच्या गाई मोकळ्या आहेत आणि नजर सारखी आहे, त्याच्यासाठी दोन्ही जवळपास एकच. माझ्यासारखा सकाळी सातला एकदाच बघणारा असेल, तर त्या "दिसण्या"त बारा-बारा तासांची भर असते. शिवाय बळस पक्क्या माजाच्या आधीही येतं आणि नंतरही, त्यामुळे नुसत्या बळसावर घड्याळ लावता येत नाही. घड्याळ लावायचं ते एकाच गोष्टीवर: दुसरं जनावर अंगावर चढल्यावर ती हलत नाही, पाठ देऊन उभी राहते. चढणारी माजावर असेलच असं नाही, पण उभी राहणारी असते. दावणीला बांधलेल्या गाईला हे दाखवायची सोयच नसते.

म्हणून गोठ्यामागे बांबू आणि जाळी लावून वीस बाय तीस फुटांचं आवार केलं. खाली मुरूम, फरशी नाही, कारण फरशीवर घसरायची भीती असली की गाय चढत नाही. १८ नोव्हेंबरपासून दिवसातून चारदा, दर वेळी अर्धा तास चांदी आणि कालवड मोकळी सोडायची: पहाटे साडेपाच, दुपारी एक, संध्याकाळी साडेसहा आणि रात्री साडेनऊ. दुपारची पाळी मायकडे. रात्रीची वेळ चुकवू नका, गाई एकमेकींवर चढतात त्या जास्त करून रात्री आणि पहाटे, ऊन नसताना. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये तर दिवसा काहीच दिसत नाही.

वहीतली ती पानं जशीच्या तशी:

२० नोव्हेंबर, संध्याकाळ. अस्वस्थ. रवंथ कमी. कालवड चढली, चांदी पुढे सरकली.

२१ नोव्हेंबर, दुपार. पातळ बळस. योनी सुजलेली, सुरकुत्या गेल्या. चढू देत नाही.

२१, सायं. ६.३०. दूध एक लिटर कमी. चढू देत नाही.

२१, रात्री ९.४०. उभी राहिली. तीनदा.

म्हणजे माजाची सुरुवात साडेसहा ते पावणेदहाच्या मध्ये. पूर्वीचा मी असतो तर २१ ला दुपारी बळस बघून संध्याकाळीच भरवली असती. या वेळी रात्री दादांना फोन करून सकाळी नऊची वेळ मागितली. ते म्हणाले, "सर, आता येतो की, उद्या तिकडं कांड्या वाटायला जायचंय." मी अडून बसलो. ते आले साडेनऊला, माज लागून बारा ते पंधरा तासांनी. दुपारी एकला कालवड चढली तेव्हा चांदी बाजूला झाली. रक्त दिसलं २४ तारखेला सकाळी.

मागच्या वेळी भरवल्यापासून रक्त दिसेपर्यंत चोवीस तास गेले होते, या वेळी सेहेचाळीस. मला हे मागे वळून तपासायचं सगळ्यात सोपं माप वाटतं. भरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी रक्त दिसलं तर उशीर झाला होता असं समजा. दोन दिवसांनी दिसलं तर वेळ साधारण जमली. मात्र सगळ्याच गाईंना रक्त जात नाही, त्यामुळे न दिसण्यातून काही काढू नका.

वेळेइतकंच दुसरं एक प्रकरण त्या सकाळी घडलं. कांडी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशावर असते. दादा आजवर ती बाहेर काढून हातपंपाच्या पाण्यात बुडवायचे, घाई असली तर तळहातांत चोळायचे. मी थर्मासमध्ये गरम पाणी आणि पन्नास रुपयांचा काचेचा थर्मामीटर घेऊन बसलो होतो. मगमध्ये गार पाणी मिसळत मिसळत पारा ३७ वर आणला. कांडी तीस सेकंद बुडवली, मग कापसानं पूर्ण कोरडी पुसली, कारण पाण्याचा थेंब रेतात गेला तर ते मरतं. रेत सोडायची गन त्यांनी शर्टाच्या आत धरून कोमट केलेली. थंडीत गार गनमध्ये कांडी भरली की रेताला पुन्हा गारठ्याचा झटका बसतो. कांडी पाण्यातून काढल्यापासून गाईत जाईपर्यंत पाच-सहा मिनिटं लागली, पंधराच्या आत हवंच. कांडीवरचा वळूचा नंबर वहीत लिहून घेतला. रेत सोडायची जागा म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या आतलं तोंड संपतं तिथेच. तिथं दादांचा हात चांगला आहे, घाई करत नाहीत. दादा आधी हसले, पण पुढच्या वेळी येताना स्वतःचा थर्मास घेऊन आले.

एका दोस्तानं विचारलं होतं, हमखास कालवडीची कांडी का नाही भरली? साध्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात, लिंग निवडलेल्या कांडीत वीस लाखांच्या आसपास. वेळेच्या चुकीला तिथं माफीच नाही. दोनदा उलटलेल्या गाईवर मी ती वापरणार नाही. घरातल्या निरोगी कालवडीवर बघू.

१३ डिसेंबरला एकवीस दिवस भरत होते. ९ ते १७ पुन्हा चार पाळ्या केल्या. काही नाही. तरी गाभण म्हणून कुणाला सांगितलं नाही, कारण मुका माजही असतोच. परवाच्या तपासणीनंतर वहीत लिहिलं: २९ ऑगस्टच्या आसपास वेत, जूनच्या शेवटी दूध आटवायचं.

कपिलाचं मात्र जमलेलं नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला व्याली तेव्हा वार अडकली होती. नंतर माज दिसेचना. देवणीचा माज तसाही गुपचूप असतो, ना हंबरणं ना धावपळ. ६ डिसेंबरला शेपटीला रक्त दिसलं, तेव्हा कळलं की दोन दिवसांपूर्वी माज येऊन गेला. रक्तापासून एकोणीस दिवस मोजले तर २५ डिसेंबर येत होता. २१ पासून नजर ठेवली आणि २५ ला पहाटे साडेपाचला ती उभी राहिली, दुपारी एकपर्यंत उतरलीही. माज एवढा आखूड असेल असं वाटलं नव्हतं. दादा संध्याकाळी पाचला आले.

१५ जानेवारीला उलटली. या वेळी बळस मी तळहातावर घेऊन उजेडात धरलं, तर त्यात दह्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके. म्हणजे गर्भपिशवीत दोष. दादा कांडी काढायच्या बेतात होते, त्यांना थांबवलं. अशा गाईला भरवणं म्हणजे कांडी वाया, आणि गन आत घालून दोष आणखी आत ढकलणं. डॉक्टरांनी बळसाचा नमुना तपासणीला घेतला, पिशवीत औषध सोडलं आणि हा माज सोडून द्यायला सांगितलं. पुढचा ५ फेब्रुवारीच्या आसपास येईल. १ तारखेपासून चार पाळ्या सुरू. बळस स्वच्छ निघालं तरच भरवणार. नाहीतर पुन्हा डॉक्टर.

रात्रीच्या साडेनऊच्या पाळीला या वेळी माय बसणार म्हणते. मी झोपतो असा तिचा आरोप आहे.