माळढोक, नाकतोडा आणि ५०४ फोटो : कागदी कटआउट फिल्मची नोंदवही

कागदी बाहुली जराशी सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची, आणि शेवटी ते फोटो जोडून फिल्म करायची, असा माझा छंद आहे. आधी फोटोंचा हिशोब सांगते, कारण या वेळी मी पहिल्यांदाच हिशोब आधी केला. मागच्या फिल्मला सुचेल तसे फोटो काढत गेले. शेवटी पंचवीस सेकंदांत गोष्ट संपेना आणि बघणारी पोरं उठून गेली.

गोष्ट साधी आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एक माळढोक नाकतोड्याच्या मागे लागतो. नाकतोडा तीनदा निसटतो आणि चौथ्यांदा जाऊन बसतो थेट माळढोकाच्या पाठीवर. माळढोक इकडेतिकडे बघत राहतो. प्रेक्षक म्हणजे पाच ते सात वर्षांची घरातली आणि वाड्यातली पोरं. संवाद नाहीत.

सेकंदाला १२ फोटो धरले आहेत. पडद्यावर २४ फ्रेम धावतात, पण एक फोटो दोन फ्रेम टिकवला तर कागदी बाहुल्यांना तेवढं पुरतं. प्रत्येक फ्रेमला नवा फोटो काढला तर काम दुप्पट होतं आणि हाताची थरथरही दुप्पट दिसते. पाच शॉट पाडले : माळ आणि माळढोकाची एन्ट्री ८ सेकंद, गवतावरचा नाकतोडा ५, पाठलाग १४, पाठीवरची गंमत ९ आणि निघून जाणं ६. एकूण ४२ सेकंद, म्हणजे ५०४ फोटो. रात्री दोन-अडीच तासांत माझे साठ-सत्तर फोटो होतात, त्यामुळे काही बिघडलं नाही तर आठ रात्री. बिघडतंच, ते पुढे येईल.

पहिल्या शॉटचे ९६ फोटो वहीत एकाखाली एक लिहून काढले. पहिले १२ नुसता माळ. मोठ्यांना हा एक सेकंद रिकामा वाटतो, पण लहान मूल तेवढ्या वेळात चित्रात शिरतं. पुढचे ४८ चालणं. उरलेल्या ३६ मध्ये माळढोक थांबतो, मान वर करतो, बघतो. शेजारचे काका आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात जॅकार्डवर, म्हणजे भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर होते. त्यांनी वही हातात घेतली आणि म्हणाले, "हे तर आमची कार्डंच की गं! एक कार्ड, एक आडवा धागा. कार्ड चुकलं की मोराची मान तुटली." इतक्या नेमकेपणाने मला कुणालाच समजावता आलं नव्हतं.

आता चालण्याबद्दल, कारण एक पूर्ण रात्र यातच गेली. माळढोक जड पक्षी आहे, नर पंधरा किलोच्या घरात जातो. तो तुरुतुरु चालला तर कोंबडी वाटते. म्हणून एका पावलाला ८ फोटो दिले, म्हणजे पाऊण सेकंदाच्या आत थोडंसं. मागचा देखावा ए-थ्री कागदावर, चौकटीत दिसणारी रुंदी ४० सेंटिमीटर, पक्षी ११ सेंटिमीटर उंच. एक पाऊल ४ सेंटिमीटरचं धरलं की प्रत्येक फोटोला अंग ५ मिलिमीटर पुढे सरकतं आणि सहा पावलांत पक्षी २४ सेंटिमीटर आत येतो. मधोमध बरोबर.

कागदावर सगळं जुळलं, पण चालवून बघितलं तर माळढोक बर्फावरून घसरत होता. चूक अशी की मी अंग ५ मिलिमीटर सरकवत होते आणि दोन्ही पाय अंदाजाने हलवत होते. टेकलेला पाय जमिनीवरच्या त्याच ठिपक्यावर राहिला पाहिजे. अंग पुढे जातं, पाय मागे राहतो. हवेतला पाय मात्र त्याच ८ फोटोंत दुप्पट अंतर कापतो. आता चौकटीच्या बाहेर खालच्या कडेला ५ मिलिमीटरच्या खुणांची पट्टी चिकटवली आहे आणि टेकलेल्या पंजाखाली ब्लू-टॅकचा मोहरीएवढा गोळा ठेवते. घसरणं बंद झालं.

बाहुली जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची आहे. आमच्याकडे त्यांचा गठ्ठाच आहे. सांधे शिवणाच्या दोऱ्याचे, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलेले. कापलेल्या कडा पांढऱ्या राहतात आणि दिव्यात चमकतात, म्हणून त्या त्याच रंगाच्या स्केचपेनने रंगवून घेतल्या. मान वर करताना प्रत्येक फोटोला सारखं अंतर दिलं तर यंत्रासारखं दिसतं. मी १, २, ४, ६, ६, ४, २, १ मिलिमीटर असं दिलं. आठ फोटोंत २६ मिलिमीटर. सुरुवात आणि शेवट हळू, मधे वेग.

आता दिवे. या छंदात माझं सगळ्यात जास्त रक्त यानेच आटवलंय.

पहिली चाचणी खिडकीच्या उजेडात घेतली. सोलापुरात मे महिन्यात ऊन भरपूर, मग दिवे कशाला, असं वाटलं. साठ फोटो काढायला दोन तास लागतात आणि तेवढ्यात सूर्य सरकतो. पडद्यावर पाच सेकंदांत सावली देखाव्यावरून चालत गेली. म्हणून आता रात्री दहानंतरच, खिडकी बंद करून. पंखाही बंद, कारण कागद उडतो. कूलर लावला तर त्याच्या ओल्या हवेने पत्रिकेचा कागद कडांना उचलला आणि माळढोकाच्या पंखाखाली नसलेली सावली आली. मग कूलरही बंद. त्या खोलीत रात्री काय अवस्था होते, ते इथल्यांना सांगायला नको.

नऊ वॅटचे दोन एलईडी बल्ब, डावी-उजवीकडे ४५ अंशांत, कागदापासून साधारण ६० सेंटिमीटरवर, पुढे ट्रेसिंग पेपर. फोन स्टँडवर थेट खाली बघत. कॅमेऱ्याचा प्रो मोड लावून आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स आणि फोकस एकदा ठरवून कुलूपबंद. ऑटोवर एकही गोष्ट ठेवायची नाही. काळा पक्षी चौकटीत आला की ऑटो कॅमेरा सगळा माळ उजळ करतो, गेला की अंधारवतो.

शटरचा वेग १/५० ठेवला आहे आणि त्याला कारण आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे साध्या बल्बचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. १/५० सेकंदात बरोबर दोन हेलकावे मावतात. शटर कुठल्याही क्षणी उघडलं तरी उजेड तेवढाच. १/६० ला पावणेदोनच्या आसपास मावतात, मग एका फोटोत जास्त आणि दुसऱ्यात कमी. १/१०० आणि १/२५ ही चालतात. बल्ब किती फडफडतो हे बघायचं असेल तर शटर १/१००० वर नेऊन पांढऱ्या कागदाचा फोटो काढा. आडवे काळे पट्टे दिसले तर तो बल्ब बाजूला ठेवा. माझ्या दोनपैकी एक असाच निघाला. तो बाथरूममध्ये गेला.

तरीही फिल्म लुकलुकत होती. हे मोजायला चौकटीच्या बाहेर एका कोपऱ्यात राखाडी कागदाची पट्टी चिकटवली. ती प्रत्येक फोटोत येते, शेवटी कापली जाते. गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये तेवढाच भाग निवडून हिस्टोग्राममधला उजेडाचा सरासरी आकडा बघायचा. पट्टी बदलत नाही, म्हणून आकडा बदलला तर उजेड बदलला. माझा आकडा ११२ ते १२४ मध्ये नाचत होता. फ्रिज चालू होतो तेव्हा बल्ब दबतो असं वाटून दोन रात्री फ्रिजवर आरोप केला. आकड्यांचा फ्रिजशी काही मेळ बसेना. मग लक्षात आलं, आकडा चढतो तो मी डावीकडून वाकलेली असते तेव्हा. पांढरा कुर्ता! मी स्वतःच तिसरा दिवा होते. बाहुली हलवून कधी हात पटकन मागे घ्यायची, कधी तिथेच रेंगाळून फोटो काढायची.

आता काळा टी-शर्ट घालते, जमिनीवर खडूने पाऊलखूण काढली आहे, तिथे जाऊन उभी राहते आणि ब्लूटूथच्या बटणाने फोटो काढते. आकडा ११७-११८ वर आला. काका रात्री एक वाजता खिडकीवर टकटक करून म्हणाले, "काय करायलीस गं, दिवे लावून नाचायलीस का?" बाहेरून सावली तशीच दिसत असणार.

एक सूचना. माळढोक स्थिर उभा असतो तिथे एकच फोटो वीसदा वापरण्याचा मोह होतो आणि उजेड स्थिर असेल तर ते खुशाल करा. पण आधीच्या भागात जराशी लुकलुक असेल तर मधेच अचानक सगळं शांत होतं आणि डोळ्याला तेच खुपतं. माझ्या पहिल्या शॉटच्या शेवटच्या ३६ मध्ये हेच झालं. तिथे मी खरेच वेगवेगळे फोटो काढले.

फोटो जोडायला संगणकावर ffmpeg ची ही आज्ञा वापरते :

```
ffmpeg -framerate 12 -i IMG_%04d.jpg -vf "scale=1920:-2" -c:v libx264 -pix_fmt yuv420p -r 24 shot1.mp4
```

मधला एखादा वाईट फोटो काढून टाकलात तर क्रमांक पुन्हा सलग करा, नाहीतर फिल्म तिथेच संपते आणि आपण अर्धा तास कारण शोधतो. उरलेली बारीक लुकलुक घालवायला `scale` च्या पुढे स्वल्पविराम देऊन `deflicker` जोडता येतं. पण ते अख्ख्या चौकटीचा उजळपणा एकसारखा करतं. कुर्त्यामुळे फक्त डावी बाजू उजळली असेल तर त्याचा उपयोग नाही.

सध्याची स्थिती : पहिले दोन शॉट झाले, १५६ फोटो. तिसऱ्याची चाचणी सहा वर्षांच्या भाचीला दाखवली. नाकतोड्याची उडी तिला दिसलीच नाही. "तो गेला कुठे मावशी?" दबून बसायला मी तीनच फोटो दिले होते, म्हणजे पाव सेकंद. उडी येणार हे डोळ्याला कळायच्या आत उडी संपत होती. आता दबण्याला ६, हवेत ५, टेकताना अंग चेपायला २ आणि टेकल्यावर निवांत बसायला १०, असे २३ फोटो. हवेतल्या पाचांत वर जाताना अंतर मोठं, टोकाशी लहान. तीन उड्यांचे ६९ झाले. १६८ मधून उरतात ९९, म्हणजे प्रत्येक उडीनंतर माळढोकाला ३३ : दोन पावलं १६, चोच खाली ५ आणि रिकामी चोच घेऊन थांबणं १२. त्या शेवटच्या बारावर भाची हसली, म्हणून त्याला हात लावलेला नाही.

नाकतोडा हवेत असताना त्याला धरायला काहीच नसतं. तो देखाव्यावर नुसता टेकवला तरी मागची सावली त्याला जमिनीवर बसवते. म्हणून आज रात्री वेगळी सावली कापणार आहे, करड्या ट्रेसिंग पेपरची, जमिनीवर स्वतंत्र सरकणारी. नाकतोडा वर गेला की ती लहान आणि फिकी. कुणी हे करून बघितलं असेल तर सावलीला किती आकार दिलेत ते सांगा. मी सध्या तीन कापल्यात.