छातीवर चढलेला गॅस

‘गॅस छातीवर चढतो’ ही तक्रार आमच्या तालुक्याच्या गावात इतकी नेहमीची आहे की ऐकणाऱ्याचा हात आपोआप ॲसिडिटीच्या गोळ्यांकडे जातो. त्या सोमवारी ज्या मावशी आल्या, त्यांनाही आधी दोन ठिकाणी तसल्याच गोळ्या मिळाल्या होत्या. वय 64, बारा-तेरा वर्षांचा मधुमेह, पाच वर्षांपूर्वी हार्ट ॲटॅक येऊन गेलेला. पोट तट्ट फुगलेलं, पाय सुजलेले. बोलताना मध्येच थांबून श्वास घेत होत्या.

मुलाने फाईल उघडली आणि पहिल्यांदा साखरेचा रिपोर्ट पुढे केला. उपाशीपोटी 116, जेवणानंतर 158. “मॅडम, शुगर कधी नव्हे ती कंट्रोलला आलीय. फक्त या गॅसचं काहीतरी करा.”

दीड-दोन महिन्यांपूर्वी एका डॉक्टरांनी औषधं बदलली होती. दोन पाकिटं निघाली. एकात थ्री-इन-वन गोळी, सकाळ-संध्याकाळ: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि 15 मिलिग्रॅम पायोग्लिटाझोन. म्हणजे दिवसाला 30 मिलिग्रॅम पायोग्लिटाझोन. दुसऱ्यात अकार्बोज 50, दिवसातून तीनदा, पहिल्या दिवसापासून पूर्ण डोस. मावशी ती जेवणाच्या अर्धा तास आधी, ॲसिडिटीच्या गोळीसारखी घेत होत्या.

पोट आणि पाय या दोन वेगळ्या गोळ्यांच्या दोन वेगळ्या भानगडी होत्या. घरच्यांनी आणि आधीच्या दोघांनी त्या एकात घातल्या होत्या.

अकार्बोज रक्तात फारसं जातच नाही. त्याचं काम लहान आतड्यात चालतं. भाकरी, भात, साबुदाणा यांतला स्टार्च आणि आपली नेहमीची साखर यांचे तुकडे करणारी जी पाचकद्रव्यं आतड्याच्या अस्तरावर असतात, त्यांना ते अडवतं. पचन लांबतं, जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. पण न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जंतू तो आंबवतात. त्याचाच गॅस होतो. म्हणून ही गोळी 25 मिलिग्रॅमने, एका जेवणाला सुरू करायची, हळूहळू वाढवायची, आणि घ्यायची पहिल्या घासाबरोबर. आधी घेतली तर परिणाम कमी आणि जेवण चुकवलं तर उपयोग शून्य. हे सांगायला एक मिनिट लागतं. मावशींना ते कुणीही सांगितलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

मी पोटावर बोटं ठोकून पाहिली. ढोलासारखा पोकळ आवाज. फुगणं जेवणानंतर दोन-तीन तासांनी वाढतं, वारा सरला की हलकं वाटतं. इथवर सगळं गॅसचंच.

मग नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा खळगा तसाच राहिला, सावकाश भरला. गॅसने पायात खळगा पडत नाही. मानेची शीर फुगलेली दिसत होती, पाठीला खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला तर दोन्हीकडे बारीक चुरचुर. ऑक्सिजन 92. वजनकाट्यावर उभं केलं आणि जुन्या नोंदीशी ताडून पाहिलं, तर साडेपाच किलो जास्त.

“मावशी, रात्री झोपता कशा?”

“आडवं पडलं की गॅस वर येतो बाई. उशाला दोन उशा घेते. परवा तर भिंतीला टेकूनच रात्र काढली.”

वर येत होतं ते पाणी. मुलाचं सगळं लक्ष साखरेच्या आकड्यांवर होतं, आणि तो आकडा सुधारत असतानाच हृदयावरचा भार वाढत चालला होता.

पायोग्लिटाझोन स्वादुपिंडाला चाबूक मारून इन्सुलिन काढून घेत नाही. ते चरबीच्या पेशींच्या केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करतं. रक्तात फिरणारी चरबी त्वचेखालच्या साठ्यात ओढली जाते, यकृत आणि स्नायू त्या ओझ्यातून सुटतात आणि शरीरात असलेलं इन्सुलिन पुन्हा लागू पडायला लागतं. म्हणून पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिनेही जातात. स्वस्त आहे आणि योग्य रुग्णात फार चांगलं काम करतं. पण तेच औषध मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, आणि मिठामागे पाणी येतं. निरोगी हृदय ते पेलतं. ॲटॅकने दुबळ्या झालेल्या हृदयाला ते पेलत नाही, मग पाणी फुप्फुसात साचतं.

सूज पाहून मधल्या कुणीतरी लघवीची गोळी दिली होती. तिचा फरक पडला नव्हता आणि त्यात नवल नाही. या औषधाच्या सुजेवर नेहमीची लघवीची गोळी बऱ्याचदा तोकडी पडते, मूळ गोळी बंद करणं हाच खरा उपाय.

2013 साली भारत सरकारने पायोग्लिटाझोनवर जूनमध्ये बंदी घातली आणि जुलैमध्ये इशाऱ्यासह ती उठवली. तेव्हापासून लोकांच्या आणि बऱ्याच डॉक्टरांच्याही डोक्यात मूत्राशयाचा कॅन्सर एवढंच बसलं. ज्यांना तो आहे किंवा होऊन गेला आहे, ज्यांच्या लघवीतून कारण न कळता रक्त जातं, त्यांना ही गोळी नकोच. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईलाही देताना दहादा विचार करावा. पण हार्ट फेल्युअरचा इशारा त्याहून जुना आहे, आणि दवाखान्यात रोज उपयोगी पडणारा तोच आहे.

मी दोन्ही गोळ्या थांबवल्या, लघवीचं इंजेक्शन दिलं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. मुलगा म्हणाला, “पण मग शुगर वाढेल ना?” वाढेल, म्हटलं, आणि आज ती वाढलेली चालेल. तिथे इकोत हृदयाचं पंपिंग 35 टक्के निघालं. आठवड्याने घरी आल्या तेव्हा चार किलो उतरले होते. तिथल्या फिजिशियननी मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं होतं, जे हृदयालाही उपयोगी पडतं. सोबत साधी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची टू-इन-वन गोळी.

जेवणानंतरची साखर राहिली वर. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.1, यकृत ठीक, आतड्यांचं जुनं दुखणं नाही, पोटाचं ऑपरेशन नाही, हर्निया नाही. म्हणून अकार्बोज मी पुन्हा सुरू केलं, फक्त दुपारच्या जेवणाला, 25 मिलिग्रॅम, पहिल्या घासाबरोबर. आतड्याला सूज किंवा अडथळा असलेल्यांना, सिरॉसिस झालेल्यांना, क्रिएटिनिन 2 च्या वर गेलेल्यांना मी ते देत नाही. मुलाला एक गोष्ट दोनदा सांगितली: आईला घाम फुटला, हातपाय थरथरले, तर साखरपाणी किंवा गूळ नको, ग्लुकोजची पावडर द्यायची. अकार्बोज साखरेचे तुकडेच होऊ देत नाही, त्यामुळे खाली गेलेली साखर साखरपाण्याने लवकर वर येत नाही. ग्लुकोजला तुकडे व्हायची गरजच नसते.

हे सगळं बसलं असं वाटत असताना महिन्याभराने मावशी आल्या त्या वजन दोन किलो वाढवून. घोट्याशी पुन्हा खळगा. पिशवी उलटी केली. मेडिकलवाल्याने टू-इन-वनच्या जागी त्याच कंपनीची जुनी थ्री-इन-वन दिली होती. नाव तेच, रंगही जवळपास तोच, शेवटी फक्त एक ‘पी’ जास्त. त्या ‘पी’चा अर्थ पाकिटाच्या मागे इतक्या बारीक अक्षरात होता की मुलाला तो मोबाईलने फोटो काढून, मोठा करून वाचावा लागला. मी दुकानात फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, सेमच आहे, उलट जास्त पॉवरची आहे.”

मावशींच्या फाईलच्या पहिल्या पानावर आता लाल शाईने ‘पायोग्लिटाझोन देऊ नये’ असं लिहिलंय. मुलगा रोज सकाळी आईचं वजन कॅलेंडरवर लिहितो. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढले तर साखर तपासत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, एवढं त्याच्याशी ठरलंय. मेडिकलवाल्याशी अजून दोनदा बोलले आहे. त्याला पटलंय असं वाटत नाही.