स्वतः कमावलेलं, तरी निम्मंच

«घर बाबांनी स्वतःच्या पगारातून बांधलंय, वडिलोपार्जित काही नाही. मग ते एकट्या धाकटीच्या नावावर करून बाकीच्या दोघांना वगळता येईल ना?»

नाही. तुमचं कुटुंब मूळ गोव्याचं असेल तर सगळं एकीला देता येणार नाही. फोंड्यातल्या एका वकिलांच्या कचेरीत मृत्युपत्रांचे कच्चे खर्डे करण्यात माझी बरीच वर्षं गेली. हे उत्तर ऐकून समोरच्या वडिलांचा चेहरा पडतो, तो मी फार वेळा पाहिलाय. मुंबईच्या नातेवाइकांनी त्यांना सांगितलेलं असतं की स्वकष्टार्जित मालमत्ता कुणालाही द्यावी. महाराष्ट्रात ते बहुतांशी खरं आहे. आपल्याकडे मात्र पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला वारसा कायदा चालतो. २०१६ पासून तो ‘गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी प्रक्रिया कायदा, २०१२’ या नावाने लागू आहे.

पहिली गाठ लग्नाची. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि दोघांचा त्यात अर्धा-अर्धा हक्क असतो. पगार बाबांचा होता, खरेदीखतावर सहीही बाबांचीच आहे, तरी अर्धं घर आईचं. बाबांचं मृत्युपत्र त्या अर्ध्याला हात लावू शकत नाही.

दुसरी गाठ मुलांची. बाबांच्या वाट्यातला निम्मा भाग मुलांसाठी कायद्यानेच राखलेला असतो. त्याला आपल्याकडे लेजितिम म्हणतात. उरलेला निम्मा मोकळा, तो हवा त्याला द्यावा.

आता तुमच्यासारखंच एक घर घेऊ. घराची किंमत ८० लाख, शेजारच्या नारळीच्या बागेची, म्हणजे भाटाची ४० लाख, एकूण १ कोटी २० लाख. मुलं तीन. आईचे ६० लाख बाजूला ठेवले की बाबांचे ६० उरतात. त्यातले ३० लाख लेजितिमचे, म्हणजे प्रत्येक मुलाला १०. मोकळे ३० लाख बाबांनी धाकटीला लिहून दिले तर तिला ४० लाख मिळतील आणि थोरल्या दोघांना १०-१०. मृत्युपत्रात ‘सर्व धाकटीला’ असं लिहिलं तरी हिशेब हाच होतो. मृत्युपत्र रद्द होत नाही, पण मर्यादेबाहेरचा भाग कापला जातो.

मग लोक पळवाट शोधतात. ‘मृत्युपत्र नको, जिवंतपणीच बक्षीसपत्र करतो’ असं म्हणणारे पुष्कळ. पण मुलाला दिलेलं बक्षीस वडिलांच्या मृत्यूनंतर इन्व्हेंटरीच्या वेळी, म्हणजे कोर्टातून मालमत्तेची यादी आणि वाटणी होताना, हिशेबात परत धरलं जातं, आणि मोकळ्या भागापलीकडे गेलेलं असेल तर कमी केलं जातं. ‘विक्री दाखवू’ म्हणणाऱ्यांसाठीही दार बंद आहे: आईवडिलांना एका मुलाला मालमत्ता विकायची तर बाकीच्या मुलांची संमती लागते. दुसरी एक समजूत अशी की मुंबईतला फ्लॅट या हिशेबात येत नाही. तसं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गोव्याच्या गृहस्थाने मुंबईतलं घर एका मुलीला मृत्युपत्राने दिलं होतं. २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की गोव्यात अधिवास असलेल्याच्या वारशाला गोव्याबाहेरच्या मालमत्तेपुरताही हाच कायदा लागू होतो.

एखाद्या मुलाला लेजितिमपासूनही दूर ठेवायचं तर कायद्याने सांगितलेलं गंभीर कारण लागतं, आणि ते मृत्युपत्रात लिहावं लागतं. परजातीत लग्न केलं, भेटायला येत नाही, ही कारणं त्यात बसत नाहीत. मला हे योग्य वाटतं. रागाच्या भरात लिहिलेले खर्डे मी पाहिलेत, आणि वर्षभराने तेच वडील ते फाडायला आलेलेही पाहिलेत.

पण ज्या मुलीने आईवडिलांचं दुखणंखुपणं काढलं, तिला घर मिळावं ही इच्छाही खोटी नाही. वरच्या हिशेबात तिची वाट आहे. आईनेही नोटरीसमोर आपलं वेगळं मृत्युपत्र करून आपल्या वाट्यातला मोकळा भाग धाकटीला दिला, तर तिकडूनही तिला ४० लाख मिळतात. दोन्ही मिळून ८०, म्हणजे नेमकी घराची किंमत. थोरल्या दोघांना दोन्हीकडून मिळून २०-२० लाख, म्हणजे भाट. वाटणी मात्र त्या वेळच्या किमतीवर होते. भाटाजवळून रस्ता गेला आणि त्याची किंमत वाढली, तर आकडे बदलतील आणि फरकाची रक्कम रोख द्यावी लागेल. आई तिचं मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलू शकते, हेही लक्षात असू द्या.

तेव्हा बाबांना नोटरीकडे नेण्याआधी दोघांच्या लग्नाच्या नोंदणीचा दाखला काढा आणि आधी काही करार झाला होता का ते बघा. मग आईला विचारा, तिच्या अर्ध्याचं तिला काय करायचंय.