तीन-तीन शब्दांची वाक्यं

नागपुरात राज्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या मुलांचे निबंध तपासायचं काम मी करते. एका क्लासमध्ये पार्ट टाइम, शनिवार-रविवार. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, निबंधाचा स्वतंत्र पेपर 250 मार्कांचा आला, आणि तेव्हापासून माझ्यासारख्यांना एकदम डिमांड आली. त्याआधी आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं म्हटलं तरी चालेल. या मुलांनी कित्येक वर्षं फक्त चार पर्यायांतून एक गोल काळा केलेला असतो, नोट्स काढल्या त्याही एका ओळीच्या. अशा मुलांना सलग दोन पानं लिहायला लावलं की काय होतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. स्पेलिंगच्या चुका, ऱ्हस्व-दीर्घ वगैरे त्यातला सगळ्यात छोटा त्रास आहे.

जिच्याबद्दल लिहितेय ती माझ्याकडची एक मुलगी हुशार. फॅक्ट्स पक्के, अक्षर सुंदर, खाडाखोड नाही. विषय होता शहरी पूर. तिने सुरुवात स्वतःच्या घरापासून केली होती, त्यामुळे मी जरा खूश होऊन वाचायला घेतलं. परिच्छेद असा होता:

"23 सप्टेंबर 2023 रोजी नागपुरात पूर आला. रात्री खूप पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला. नाग नदीचे पाणी वाढले. घरांमध्ये पाणी शिरले. आम्ही झोपलो होतो. आजीची खाट भिजली. बाबांनी आजीला उचलले. आम्ही गच्चीवर गेलो. लाइट गेली होती. सकाळी बोट आली."

मोठ्याने वाचून बघा. एकही चूक नाही, आणि तरी पंख्याच्या पात्याला काहीतरी घासत असल्यासारखं टक टक टक वाजतं. मराठीत हे जास्तच वाजतं कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. पहिलं वाक्य सोडलं तर सगळी तीन-चार शब्दांची, आणि प्रत्येकाच्या टोकाला आला, पडला, झाला, वाढले, शिरले. म्हणजे लांबीही तीच आणि शेवटचा आवाजही तोच. वाचणाऱ्याला दर तीन शब्दांनी थांबावं लागतं, आणि आजीची खाट भिजणं आणि तलाव ओव्हरफ्लो होणं हे एकाच वजनाचं वाटायला लागतं.

आमच्या क्लासमधल्या एका सरांनी यावर उपाय म्हणून सगळ्यांना जोडणाऱ्या शब्दांची यादी वाटली आहे. तथापि, किंबहुना, परिणामी, त्याचप्रमाणे, तद्वतच. झेरॉक्स. मुलं इमानदारीने ती पाठ करतात आणि प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर एकेक चिकटवतात, "तथापि रात्री खूप पाऊस पडला." त्याने काहीच जोडलं जात नाही, वाक्य तेवढंच राहतं, फक्त त्याला फेटा बांधला जातो. याच सरांचा दुसरा सल्ला म्हणजे छोटी वाक्यं लिहा, चुका होत नाहीत. तो खरा आहे, वाईट हे की तो एवढा खरा आहे की मुलं त्यातून कधी बाहेरच येत नाहीत.

मी तिला फक्त एवढं म्हटलं की ही अकरा वाक्यं पाच-सहा वाक्यांत बसव, माहिती एकही गाळू नको. ही पद्धत माझी नाही. अमेरिकेत फ्रँक ओ'हेअरने 1973 मध्ये सातवीच्या मुलांवर असाच अभ्यास केला होता, व्याकरणाच्या संज्ञा न शिकवता नुसता वाक्य जोडण्याचा सराव दिला आणि मुलांचं लिखाण सुधारलं. केवल, मिश्र, संयुक्त हे आपणही शाळेत पाठ केलंच की, ओळखता येतं, लिहिता येत नाही.

पहिल्या वेळी तिने सगळीकडे 'आणि' टाकला. पाऊस पडला आणि तलाव ओव्हरफ्लो झाला आणि पाणी वाढले आणि. हे सगळेच करतात. 'आणि' बंद केल्यावर ती 'ऊन'वर गेली: "रात्री खूप पाऊस पडून, तलाव ओव्हरफ्लो होऊन, नदीचे पाणी वाढून, घरांमध्ये पाणी शिरून आम्ही गच्चीवर गेलो."

"हे बरोबर नाही वाटून राहिलं मॅडम," ती स्वतःच म्हणाली, "पण काय चुकलं ते समजत नाही."

कान चांगला होता पोरीचा. 'ऊन' लावलेली क्रिया आणि शेवटची क्रिया साधारणपणे एकाच कर्त्याची लागते. बाबांनी आजीला उचलून गच्चीवर नेलं, इथे उचलणारे बाबाच, नेणारे बाबाच, म्हणून ठीक. "पाऊस पडून रस्ते बंद झाले" हेही चालतं, कारण एकातून दुसरं आपोआप झालं. पण "पाणी शिरून आम्ही गेलो" म्हटलं की पाणी आणि आम्ही एकाच दोरीला बांधले जातो. कर्ता बदलत असेल तर 'शिरल्यावर' घे, दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतील तर 'असताना' घे. आणि एक गोष्ट दुसरी होईपर्यंत चालू राहिली असेल तर 'येईपर्यंत'. शिवाय चार 'ऊन' लागोपाठ आले की पुन्हा तेच टक टक, फक्त आवाज बदललेला.

मग आम्ही एकेक वाक्य घेऊन बसलो. हा माझा आवडता भाग आहे, यात मला वेळेचं भान राहत नाही आणि मागची मुलं कंटाळतात. "आम्ही झोपलो होतो" हे तिने सहाव्या नंबरवर ठेवलं होतं. खरं तर ते पाणी शिरण्याच्या पोटातलं आहे, म्हणून "झोपेत असतानाच". "आजीची खाट भिजली" हे विशेषण होऊ शकतं, "भिजलेल्या खाटेवरून". ते करून बघितलं, तिला आवडलं नाही, मलाही नाही, कारण त्या क्षणी घरात तीच बातमी होती आणि विशेषण केलं की बातमी मरते. लेला-लेली लावायची ती वाचणाऱ्याने वाटेत उचलायच्या गोष्टीला. पाऊस मात्र तसा झाला, "रात्री कोसळलेल्या पावसाने", कारण पाऊस सगळ्यांना माहीतच आहे.

"लाइट गेली होती" वर मी विचारलं, मग जिना कसा चढलात? ती म्हणाली, पायाने चाचपत. बघा, हे तिच्या परिच्छेदात नव्हतंच. सुटं वाक्य लिहून टाकलं की काम झालं, ते शेजारच्या वाक्याला जोडायला गेलं की मधली जागा दिसते.

आणि मग ती अडली. तलाव आणि नदीवर.

"मॅडम, इथे 'त्यामुळे' लिहू का?"

लिही की, मी म्हणणारच होते. ती म्हणाली, "पण तलाव ओव्हरफ्लो झाला म्हणून नदी वाढली, की दोन्ही पावसानेच वाढलं? मी तर गच्चीवर होती. मी काही पाहिलं नाही."

मी दोन मिनिटं गप्प. अंबाझरी नाग नदीच्याच प्रवाहावर आहे, सांडव्यावरून गेलेलं पाणी नदीतच जातं, म्हणजे 'त्यामुळे' खोटं नाही. पण शहराच्या नाल्यांचं पाणीही त्याच नदीत जातं, म्हणजे पूर्ण खरंही नाही. नुसता पूर्णविराम होता तेव्हा हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. तिला ना मला. शेवटी तिने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, मध्ये स्वल्पविराम, आणि पाऊस दोघांच्या वर. प्रमाण भाषेत, परीक्षेत लिहितात तसं, हे झालं:

"23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आम्ही झोपेत असतानाच घरात पाणी शिरले. रात्री कोसळलेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला होता, नाग नदी फुगली होती, पण हे सगळे आम्हाला नंतर कळले. तेव्हा दिसत होती ती फक्त आजीची भिजलेली खाट. बाबांनी आजीला उचलले. लाइट गेलेली असल्यामुळे पायऱ्या पायानेच चाचपत आम्ही गच्चीवर पोचलो आणि सकाळी बोट येईपर्यंत तिथेच बसून राहिलो."

'भिजलेली' शेवटी आलंच, पण "दिसत होती ती फक्त" च्या मागे आल्यामुळे चाललं. बाबांचं वाक्य तिने हात लावू दिलं नाही. मी 'उचलून' करायला सुचवलं होतं, ती म्हणाली ते एकटंच पाहिजे. आजूबाजूला लांब वाक्यं असली की तीन शब्दांचं वाक्य एकदम उभं राहतं, हे मी शिकवायच्या आधी तिने करून ठेवलं. सरांना दाखवलं तर म्हणाले, छान आहे, पण परीक्षक एवढं बघतो का? प्रश्न योग्य आहे, फक्त तो ते दर वेळी विचारतात आणि उत्तराची वाट न बघता चहाला जातात.

इथपर्यंत गोष्ट छान होती. मी लिहायला बसले ते पुढच्या निबंधामुळे. विषय बेरोजगारी. पूर्ण वेळ लावून, मोबाइल बाहेर ठेवून सराव पेपर. आता तिची वाक्यं खरंच चालतात, लांब, मग छोटं, मध्येच "जे हात... तेच हात" असं जो-तोचं एखादं. पण तिसऱ्या परिच्छेदात दोन सुटी वाक्यं होती: "शिक्षण वाढले. बेरोजगारी वाढली." मध्ये रिकामी जागा, पेन्सिलने तीन शब्द, त्यामुळे, तरीही, आणि, तिन्ही खोडलेले. खाडाखोड न करणाऱ्या मुलीचा पेपर. शेवटचा परिच्छेद अर्धाच राहिला.

मी विचारलं, इथे किती वेळ गेला? म्हणाली, "लय गेला मॅडम. 'त्यामुळे' लिहिलं तर शिकल्याने बेकार झाले असं होते. 'तरीही' लिहिलं तर शिकल्यावर नोकरी लागायलाच पाहिजे असं धरून चालल्यासारखं होते. मला दोन्ही खरं माहीत नाही, मग काय लिहू?"

खरं आहे तिचं. त्या एका शब्दावर पुढचा अख्खा निबंध वेगळा होतो. 'त्यामुळे' घेतलं तर शिक्षण कशाचं देतोय त्यावर लिहावं लागेल, 'तरीही' घेतलं तर नोकऱ्या कुठे गेल्या त्यावर. 'आणि' घेतलं तर काहीच म्हणायची जबाबदारी नाही, पण मग दोन वाक्यं जोडली कशाला. पूर्वी तिने ती दोन वाक्यं लिहून पुढची दहा लिहिली असती, टक टक टक, आणि पेपर पूर्ण झाला असता.

परीक्षा तीन तासांची. अर्धवट शेवटाचे मार्क जातात, हे मला माहीत आहे, तिला त्याहून जास्त माहीत आहे. तिला मी सांगितलंय की सुरुवातीची दहा मिनिटं कच्च्या कागदावर नुसते मुद्दे लिही आणि दोन मुद्द्यांच्या मध्ये जोडणारा शब्द तिथेच ठरव. जिथे ठरत नाही तो मुद्दा निबंधात घेऊच नको. गेल्या रविवारी तिने ते केलं. पेपर वेळेत संपला. बेरोजगारीतला तो मुद्दा तिने गाळला होता, आणि माझ्या मते तिच्याकडे लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त त्याच मुद्द्यावर होतं.