ठसका

आमच्या घरात कुणाला ठसका लागला की तीन गोष्टी एकदम होतात. एकजण पाठीत धपाटे घालतो, दुसरा पाण्याचा पेला पुढे करतो आणि काकू म्हणते, "वर बघ, वर बघ, चिमणी!" पन्नाशी उलटली तरी मी वर बघतो. चिमणी अजून दिसलेली नाही.

आता कळतं की यातलं काहीच धड उपयोगाचं नाही. ज्याला खोकता येतंय त्याला खोकू द्यावं, एवढंच करायचं असतं. आवाजच फुटत नाही, श्वास अडलाय, माणूस गळा धरून उभा आहे, तेव्हा धपाटे आणि धावपळ. आणि नुकत्याच चुकलेल्या गळ्याला लगेच पाणी देणं म्हणजे सायकलवरून पडलेल्या पोराला उठवून घाटात सोडणं. गळ्याला सगळ्यात अवघड जातं ते पाणीच. पोळीचा घास जिभेच्या ताब्यात राहतो, पाणी मात्र कुणी 'ये' म्हणायच्या आधीच खाली पोचतं.

गळ्यात घोटाळा असा आहे की श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका मागे. म्हणजे घासाला प्रत्येक वेळी श्वासाच्या उघड्या दारावरून पलीकडे जावं लागतं. ते दार म्हणजे स्वरयंत्र. शाळेत शिकवलं होतं की त्यावर एपिग्लॉटिस नावाचं झाकण आहे, गिळताना ते पडतं आणि काम होतं. (आमच्या वर्गात अर्धी मुलं पडजिभेलाच ते झाकण समजायची. पडजीभ वर टाळूला लटकते. टाळूचा मऊ भाग उचलला गेला की नाकाची वाट बंद होते, तिचा संबंध त्याच्याशी.) मीही इतकी वर्षं प्रेशर कुकरसारखं काहीतरी डोळ्यांपुढे आणत होतो.

कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. तो टुणकन वर जातो आणि परत येतो. अख्खं स्वरयंत्र साधारण दोन सेंटिमीटर वर आणि थोडं पुढे, जिभेच्या मुळाखाली, जाऊन दडतं. पाऊस आला की अंगणातली खाट ओसरीखाली ओढतात ना, तसं. त्याच वेळी आत दोन्ही स्वरतंतू एकमेकांना चिकटतात. ज्यांच्यामुळे आपण बोलतो, भांडतो, आरत्या म्हणतो, तेच. त्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्याही मिटतात. मागच्या बाजूचे दोन छोटे कूर्चेचे तुकडे पुढे झुकून एपिग्लॉटिसच्या बुडाला टेकतात. आणि एपिग्लॉटिस, ते पिंपळपानासारखं लवचीक पान, मुख्यतः या सगळ्या ओढाताणीमुळे आणि मागे येणाऱ्या जिभेच्या दाबाने उलटं होऊन पडतं. त्याचं स्वतःचं कर्तृत्व बेताचंच. आजारामुळे ते काढून टाकावं लागलेली माणसंही बऱ्याचदा पुन्हा गिळायला शिकतात. खरं कुलूप खाली, स्वरतंतूंशी.

या सगळ्याला एक सेकंदही लागत नाही. तेवढा वेळ श्वास थांबलेला असतो आणि घास गेल्यावर बहुधा आधी उच्छ्वास होतो, म्हणजे उंबऱ्यावर एखादा थेंब राहिला असेल तर तो बाहेर फुंकला जातो. जेवताना बोलू नये यात शिस्तीपेक्षा हे जास्त आहे. बोलायला स्वरतंतूंमधून हवा सोडावी लागते, आणि हसणं तर त्याहून वाईट, कारण हसून झालं की माणूस झपकन श्वास आत ओढतो. लहानपणी तोंडात सातूचं पीठ भरून एकमेकांना हसवायचा खेळ आम्ही खेळायचो. आम्ही वाचलो कसे, हाच प्रश्न आहे.

हे सगळं मला कळलं ते काकांमुळे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हात सुधारला, चालू लागले. जेवायला बसले की आम्ही डोळ्यांत तेल घालून बघायचो, पण एकदाही ठसका नाही. आम्ही खूश. काकूने तर साखर वाटायचीच बाकी ठेवली होती. मग ताप येऊ लागला, छातीत कफ, महिन्याभरात दुसऱ्यांदा न्यूमोनिया. तेव्हा एक स्पीच थेरपिस्ट मुलगी आली. मला वाटलं, बोलता तर येतंय, ही कशाला?

तिने काकांना "आ" म्हणायला लावलं. आवाज नेहमीसारखा खणखणीत. मग चमचाभर पाणी दिलं आणि पुन्हा म्हणाली, "काका, आ म्हणा." या वेळी तो आ ओला होता, हुक्क्यातल्या पाण्यासारखा गुळगुळता. पाणी स्वरतंतूंवर बसलं होतं आणि काकांना पत्ताच नव्हता.

पुढे दवाखान्यात नाकातून बारीक दुर्बीण घालून, हिरवा रंग मिसळलेलं पाणी देऊन पाहिलं. पडद्यावर स्वरतंतू दिसत होते, मोत्यासारखे पांढरे, उघडझाप करणारे. काकांनी घोट गिळला आणि पडदा क्षणभर नुसता पांढरा झाला, कारण गळा मिटतो तेव्हा दुर्बीणही त्यात चिणली जाते. नेमकं गिळणं कुणालाच दिसत नाही. पडदा पुन्हा उघडला तेव्हा स्वरतंतूंच्या खाली, श्वासनलिकेत, हिरवी रेघ होती. आणि काका शांतपणे विचारत होते, "झालं का?"

आपल्यापैकी कुणाच्याही तिथे थेंब गेला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. काकांच्या तिथली खबर खोकला उठवण्याइतकी पोचतच नव्हती. आम्ही जिला सुधारणा समजत होतो ती ही शांतता.

मग घरचं स्वयंपाकघर बदललं. पाणी, चहा घट्ट करायची पावडर आली. काकांच्या मते तिच्यामुळे चहाची खळ होते, आणि ते खोटं नाही. फार घट्ट करूनही चालत नाही, कारण मग ते गळ्यातल्या खळग्यांत रेंगाळतं आणि मागाहून घसरतं. पिठलं, दही, कुस्करलेलं केळं उत्तम. आमटी-भात बंद, कारण त्यात पातळ आणि घट्ट दोन वेगांनी धावतात. काकांना पक्षाघातापेक्षा याचं दुःख जास्त झालं. घोट घेताना हनुवटी छातीकडे न्यायची, म्हणजे श्वासाच्या दाराचं तोंड अरुंद होतं. सगळ्यांना हे मानवत नाही, काकांना मानवतं हे दुर्बिणीतून आधी बघून घेतलं होतं. थोडक्यात, चिमणी बघायची नाही, शर्टाचं बटण बघायचं. आणि प्रत्येक दोन-चार घोटांनंतर "आ". शेजाऱ्यांना वाटलं, काका म्हातारपणी गाणं शिकायला लागले.

तीनेक महिने गेले. एका संध्याकाळी काकांनी काकूची नजर चुकवून तिच्या कपातला पातळ चहा एक घोट उचलला. आणि त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, चेहरा लाल, चहा टेबलभर. काकूने घाबरून त्या मुलीला फोन लावला. पलीकडून आधी विचारणा झाली, आता श्वास नीट आहे ना, आवाज कोरडा आहे ना. मग ती म्हणाली, "खोकले? स्वतःहून? जोरात? मग छानच की! पातळ चहा मात्र अजून नाही हं. पुढच्या आठवड्यात परत दुर्बीण करू."

काकूने फोन ठेवला, टेबल पुसलं आणि सवयीने म्हणाली, "अहो, वर बघा." काका बटणाकडे बघत खोकत राहिले.